देवस्थानच्या देणग्या एका नोंदवहीत आणताना या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार चालू होता. २०२३-२४ हे आर्थिक वर्ष संपल्यावर सभामंडपात एक फलक लागला आणि त्यावर त्या वर्षी जीर्णोद्धारासाठी ८,७३,८०० रुपये देणगी जमा झाल्याचे लिहिले गेले. थोड्याच दिवसांत कुणीतरी जीर्णोद्धार खात्याचे पासबुक पाहिले, तर त्यात देणगी म्हणून आलेली रक्कम ४,०७,००० रुपये होती. मधले ४,६६,८०० रुपये कुठे गेले, असा प्रश्न आधी वाडीवाडीत आणि मग मुंबईच्या चाकरमान्यांत विचारला जाऊ लागला, आणि खजिनदाराला तोंड लपवायची वेळ आली. अखेर विश्वस्तांनी गावातल्याच, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना सगळी कागदपत्रे पाहायला बोलावले. खजिनदार त्यांचाच जुना विद्यार्थी होता.

गोष्ट म्हणून सांगत असल्यामुळे गाव आणि माणसे निनावी ठेवली आहेत आणि आकडे समजायला सोपे घेतले आहेत. पण यातली प्रत्येक चूक कोकणातल्या कुठल्याही देवस्थानच्या कपाटात सापडेल अशी आहे. गावकीच्या वह्या वेगळ्या, वाड्यांच्या वेगळ्या, मुंबई मंडळाची यादी वेगळी आणि बँक वेगळी, असा कारभार वर्षानुवर्षे विश्वासावर चालतो, आणि एक दिवस कुणीतरी या सगळ्यांची बेरीज करतो.

कोरी नोंदवही लगेच उघडू नका

विश्वस्तांनी बाईंसमोर पहिल्याच दिवशी नवी जाड बांधणीची नोंदवही ठेवली आणि त्यात सगळे उतरवून काढा, असे सांगितले. बाईंनी ती बाजूला सारली. अशा कामात सर्वांत जास्त फुकट जाणारे श्रम याच ठिकाणी होतात: हाताला लागेल ती वही घ्यायची, पहिल्या पानापासून उतरवायला सुरुवात करायची, आणि निम्म्यावर गेल्यावर कळायचे की याच नोंदी दुसऱ्या एका वहीत आधीच आहेत.

आधी करायचे काम म्हणजे कागदपत्रांची मोजदाद. पावती पुस्तके क्रमांकाने लावून घ्यायची आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल चार गोष्टी एका कागदावर लिहायच्या: पहिला आणि शेवटचा छापील क्रमांक, किती पावत्या फाडल्या, किती कोऱ्या राहिल्या, आणि ते पुस्तक कुणाच्या ताब्यात होते. छापखान्याचे बिल सापडले तर एकंदर किती पुस्तके छापली हे कळते आणि मग कमी काय आहे तेही कळते. या गावात शंभर-शंभर पावत्यांची दहा पुस्तके छापली होती आणि कपाटात नऊ निघाली. नवव्या क्रमांकाचे पुस्तक नव्हते. बाईंनी त्याची नोंद केली आणि काम पुढे नेले. त्या पुस्तकाचे काय झाले ते शेवटी येईल.

पावत्यांशिवाय हाताला लागले ते असे: तीन वाड्यांच्या वर्गणीच्या वह्या, मुंबई मंडळाने पाठवलेली देणगीदारांची टाइप केलेली यादी, जीर्णोद्धार खात्याचे पासबुक, क्यूआर कोडवरून आलेल्या रकमांचे बँकेचे विवरण, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटे कागद, चिठ्ठ्या, दोन बिले. सुट्या कागदांना बाईंनी लगेच पेन्सिलीने क्रमांक दिले, म्हणजे नंतर नोंदवहीत ‘सुटा कागद १४’ असा हवाला देता येतो. मूळ वह्यांत मात्र त्यांनी टिंबसुद्धा काढले नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात खाडाखोड करायची नसते, हा आयुष्यभराचा शिरस्ता त्यांच्या हातात होता.

एकच रुपया तीन वह्यांत

फलकावरचा आकडा कसा आला, हे खजिनदाराने सांगितले तेव्हा निम्मे कोडे तिथेच उलगडले. त्याने तीन बेरजा एकत्र केल्या होत्या. पावती पुस्तकांची बेरीज ४,१२,३००, वाड्यांच्या वह्यांची १,८६,५००, आणि मुंबई मंडळाच्या यादीची २,७५,०००.

“तीन ठिकाणांहून पैसे आले, म्हणून तीन बेरजा घेतल्या, बाई.”

“पैसे तीन ठिकाणांहून आले की लिहिले गेले तीन ठिकाणी?” बाईंनी विचारले.

कोकणातल्या देवस्थानात देणगी बहुधा दोन टप्प्यांनी येते. वाडीतला एखादा माणूस घरोघर फिरून वर्गणी गोळा करतो आणि आपल्या वहीत प्रत्येकाचे नाव लिहितो. मग ती सगळी रक्कम एकत्र करून तो खजिनदाराकडे देतो आणि खजिनदार त्याला एकच पावती फाडून देतो. म्हणजे शंभर घरांचे पैसे वाडीच्या वहीत शंभर ओळींत आहेत आणि देवस्थानच्या पावती पुस्तकात एका ओळीत आहेत. मुंबई मंडळाचेही तसेच: यादीत शेकडो नावे, आणि गावाकडे आलेली एकच रक्कम. दोन्ही बेरजा खऱ्या असतात, पण त्या एकाच पैशाच्या असतात.

हे ओळखायचे कसे? पावती पुस्तकाच्या स्थळप्रती चाळताना ज्या पावतीवर माणसाच्या नावाऐवजी वाडी, मंडळ किंवा ‘ग्रामस्थांतर्फे’ असे लिहिले आहे ती प्रत्येक पावती बाजूला काढायची. बाईंनी अशा पावत्या काढल्या तेव्हा तीन वाड्यांच्या मिळून १,२१,००० रुपयांच्या तीन पावत्या निघाल्या आणि मुंबई मंडळाच्या नावाची १,५०,००० रुपयांची एक. उरलेल्या १,४१,३०० रुपयांच्या पावत्या थेट व्यक्तींच्या नावाच्या होत्या. तिन्ही मिळून ४,१२,३०० बरोबर होतात.

मग वाड्यांच्या वह्यांत १,८६,५०० कसे? इथे दुसरी चूक उघडी पडली. वहीत नावापुढे आकडा लिहिला होता, आणि काही आकड्यांपुढे बरोबरची खूण होती, काहींपुढे नव्हती. खूण नसलेले आकडे म्हणजे लोकांनी कबूल केलेली पण अद्याप न दिलेली वर्गणी. तिन्ही वह्यांत मिळून खुणेचे १,२१,००० निघाले, म्हणजे पावत्यांशी तंतोतंत जुळले, आणि बिनखुणेचे ६५,५००. मुंबईच्या यादीतल्या २,७५,००० पैकी १,५०,००० गावाकडे पाठवले होते, ८५,००० नुसते कबूल होते, आणि ४०,००० रुपयांची मंडळाने मुंबईतच घंटा आणि समया विकत घेऊन पाठवून दिल्या होत्या. त्यांची बिले प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडली.

कबूल रक्कम आणि आलेली रक्कम एकाच स्तंभात लिहिणे ही माझ्या मते या सगळ्या कारभारातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण तिच्यामुळे निष्पाप माणसावर संशय येतो. कबुलीची यादी हवीच, वसुलीसाठी ती उपयोगी असते. पण तिची वही वेगळी असावी आणि तिची बेरीज ‘जमा’ या शब्दाच्या आसपासही येऊ नये.

म्हणून एकत्र नोंदवहीचा कणा पावतीचा क्रमांक हा असावा. नाव, वाडी किंवा तारीख यांच्या आधाराने नोंदवही लावली की दुहेरी नोंद हमखास शिरते, कारण तेच नाव दोन वह्यांत येऊ शकते. पावतीचा छापील क्रमांक मात्र एकदाच येतो. बाईंनी स्तंभ असे आखले: पावती क्रमांक, पावतीची तारीख, देणगीदाराचे नाव, पत्ता, रक्कम, रोख की धनादेश की क्यूआर, कशासाठी दिली, बँकेत कधी जमा झाली, मूळ पुरावा कुठे आहे, आणि शेरा. वाडीच्या एकत्र पावतीला मुख्य नोंदवहीत एकच ओळ मिळाली आणि त्या वाडीतली घरोघरची नावे शेवटी पोटयादीत गेली. पोटयादीच्या माथ्यावर त्या पावतीचा क्रमांक आणि तळाला बेरीज. ती बेरीज पावतीच्या रकमेएवढी आली नाही तर पोटयादी चुकली आहे असे समजायचे. तिची रक्कम मुख्य बेरजेत कधीही मिळवायची नाही.

पासबुकाशी ताळा घालताना

पावत्यांची बाजू लागली तरी पासबुकातल्या ४,०७,००० चा मेळ बसायचा होता. इथे घाई केली की दोन उलट चुका होतात: पासबुकात जे जे जमा दिसते ते सगळे देणगी धरले जाते, किंवा पासबुकात न दिसणारे सगळे गेले असे समजले जाते.

पासबुकाच्या जमेच्या बाजूला देणगीखेरीज आणखी काय असते ते आधी वजा करावे लागते. बचत खात्याचे व्याज ही साधी गोष्ट. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे आपणच काढलेली आणि आपणच परत भरलेली रोकड: गवंड्याला द्यायला ५०,००० काढले, ३२,००० खर्च झाले आणि १८,००० परत भरले, तर ते १८,००० पासबुकात रोख जमा म्हणून उठतात आणि देणगीसारखेच दिसतात. ओळखायची खूण अशी की त्या तारखेच्या आसपास पावत्यांची तेवढी बेरीज होत नाही आणि आधीच्या काही दिवसांत मोठी उचल झालेली असते. या गावात खजिनदाराने परत भरलेल्या रकमेच्या स्लिपा जपून ठेवल्या होत्या, म्हणून ४,०७,००० हा आकडा आधीच स्वच्छ होता.

न वटलेला धनादेश हा दुसरा. ११,००० रुपयांच्या एका धनादेशाची पावती दिली गेली होती, बँकेने धनादेश परत पाठवला, आणि पावती मात्र तशीच राहिली. अशा वेळी स्थळप्रत फाडायची नाही आणि नोंदवहीतली ओळही गाळायची नाही. ओळ राहू द्यायची, रकमेच्या जागी शून्य लिहायचे आणि शेऱ्यात धनादेश परत आल्याची तारीख द्यायची. क्रमांकांच्या ओळीत भोक पडले तर पुढच्या वर्षी लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवील, आणि ते रास्तही असेल.

तिसरे म्हणजे क्यूआर कोड. सभामंडपाच्या खांबाला कोड चिकटवला तेव्हापासून काही लोक पैसे पाठवून, हात जोडून, पावती न घेताच निघून जात होते. बँकेच्या विवरणात २३,७०० रुपये असे निघाले ज्यांची एकही पावती नव्हती. इथे मोह होतो तो जुन्या पुस्तकातल्या कोऱ्या पावतीवर मागची तारीख घालून पावती बनवायचा. तसे करू नये. पावती आजच्या तारखेने, चालू पुस्तकातून फाडावी आणि तिच्यावर पैसे खात्यात कोणत्या तारखेला आले ते आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहावा. नोंदवहीत रक्कम ज्या वर्षी खात्यात आली त्याच वर्षात धरावी. विवरणात दिसणारे नाव हेच देणगीदाराचे, असेही समजू नये. गावात म्हाताऱ्या आईने सांगितलेली देणगी मुलाच्या फोनवरून जाते. बाईंनी ज्यांचा तपास लागला त्यांना विचारून नाव लिहिले आणि उरलेल्यांपुढे ‘नाव समजले नाही’ एवढेच लिहिले.

या सगळ्यानंतर ताळा असा मांडला गेला:

पावत्यांची बेरीज ४,१२,३००
वजा न वटलेला धनादेश ११,०००
अधिक पावतीविना क्यूआरने आलेले २३,७००
प्रत्यक्ष आलेली देणगी ४,२५,०००

पासबुकातील देणगी जमा ४,०७,०००
अधिक ३१ मार्च रोजी हातातील रोकड १८,०००
एकूण ४,२५,०००

आणि गावाने ज्या ४,६६,८०० चा जाब मागितला होता त्याचीही फोड करून बाईंनी ती विश्वस्तांपुढे ठेवली. दुसऱ्यांदा मोजलेले वाड्यांचे १,२१,००० आणि मंडळाचे १,५०,०००, कबूल पण न आलेले ६५,५०० आणि ८५,०००, वस्तूंचे ४०,०००, न वटलेले ११,०००, हातातले १८,०००. या सगळ्यांची बेरीज ४,९०,५०० होते. फलकाच्या बेरजेत नसलेले पण बँकेत आलेले क्यूआरचे २३,७०० त्यातून वजा केले की ४,६६,८०० राहतात. अशी फोड करणे हे नुसते “सगळे बरोबर आहे” म्हणण्यापेक्षा फार वेगळे काम आहे, कारण प्रत्येक ओळीखाली एक कागद दाखवता येतो आणि शंका असलेल्या माणसाला तो हातात देता येतो.

शिमगा आणि ३१ मार्च

हातातली १८,००० रोकड कुठून आली, हा प्रश्न कोकणातच पडण्यासारखा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवायचे असतात, आणि ते दर वर्षी ३१ मार्चला किंवा धर्मादाय आयुक्तांनी ठरवून दिलेल्या दिवशी बंद करायचे असतात. शिमगा येतो फाल्गुनात, म्हणजे बहुधा मार्चमध्ये, आणि देवाची पालखी घरोघर फिरते तेव्हा देणग्यांचा ओघ सर्वांत मोठा असतो. २०२४ साली होळी २४ मार्चला होती. पालखी पुढे आठवडाभर वाड्यांतून फिरत राहिली आणि ३० व ३१ मार्चला जीर्णोद्धारासाठी पावत्यांवर १८,००० रुपये गोळा झाले. ३१ मार्चला रविवार होता, १ एप्रिलला बँकेच्या वार्षिक हिशेबामुळे ग्राहकांचे व्यवहार बंद होते, म्हणून ती रक्कम २ एप्रिलला भरली गेली.

आता पासबुकावरून हिशेब करणारा हे १८,००० पुढच्या वर्षात टाकील, पावत्यांवरून करणारा याच वर्षात धरील, आणि दोन वर्षांचे हिशेब दोन वेगळ्या माणसांनी केले तर ते दोन्ही वर्षांत येतील किंवा कुठेच येणार नाहीत. नियम साधा आहे: रोख देणगी ज्या दिवशी हातात आली त्या दिवशीची. ३१ मार्चच्या रात्री हातात असलेली रोकड मोजून, कोणत्या नोटा किती ते लिहून, त्या कागदावर दोन विश्वस्तांच्या सह्या घ्याव्यात, आणि २ एप्रिलच्या भरण्यापुढे ‘मागील वर्षाची रोकड’ असा शेरा मारावा. पालखी खांद्यावर असताना हे सुचत नाही, हे खरे; म्हणून खजिनदाराने त्या रात्री मिरवणुकीत न जाता मंदिरात बसायचे, असा या गावाने पुढच्या वर्षापासून ठराव केला.

जुन्या वह्यांत आणखी एक गुंता असतो. पूर्वी कित्येक देवस्थाने गुढीपाडव्यापासून किंवा एका जत्रेपासून दुसऱ्या जत्रेपर्यंत हिशेब ठेवीत आणि नोंदीला नुसती तिथी असे. अशा नोंदींना पंचांग पाहून इंग्रजी तारीख लावावी, पण मूळ तिथीही शेऱ्यात ठेवावी. अधिक महिना आलेल्या वर्षी तारीख एका महिन्याने चुकण्याची शक्यता असते आणि मूळ तिथी पुसली गेली तर ती चूक पुन्हा कधीच सापडत नाही.

फरक ‘किरकोळ’मध्ये बुडवू नका

ताळा पहिल्या फटक्यात जुळत नाही. बाईंचाही जुळला नव्हता. पावत्यांच्या बाजूला २,७०० रुपये जास्त येत होते. खजिनदाराने सुचवले की एवढ्या मोठ्या हिशेबात हे किरकोळ खर्चात टाकून द्यावे. बाईंनी २,७०० ला नऊने भागून पाहिले. ३०० आले, बाकी शून्य.

फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर दोन शेजारचे अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी असते, कारण अशा अदलाबदलीतून येणारा फरक नेहमी नऊच्या पटीतच असतो. शिवाय ३०० हे भागाकाराचे उत्तर सांगते की शेकडा आणि हजार या स्थानचे अंक बदलले आहेत आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक आहे. म्हणून बाईंनी सगळ्या पावत्या पुन्हा तपासल्या नाहीत; ज्यांच्या हजार आणि शेकड्याच्या अंकांत तीनचा फरक आहे तेवढ्याच पाहिल्या. ३,६०० च्या एका पावतीची नोंद उतरवताना ६,३०० झाली होती. फरकाला नऊने भाग जात नसेल तर त्याची निमपट करून पाहावी. तेवढी एखादी रक्कम सापडली तर ती वजा करण्याऐवजी मिळवली गेलेली असते. दोन्ही उपाय लागू पडले नाहीत तर पाना-पानाची बेरीज घेत जाणे हाच मार्ग, आणि म्हणून प्रत्येक पानाच्या तळाला बेरीज लिहून ती पुढच्या पानावर ओढावी.

फरक शेवटपर्यंत सापडला नाही तर तो ‘न जुळलेला फरक’ म्हणून उघड लिहावा. किरकोळ देणगी किंवा किरकोळ खर्च या नावाखाली घातलेली एक ओळ पुढे खऱ्या किरकोळ ओळींवरचाही विश्वास घालवते.

नावे, हेतू आणि वस्तू

कोकणात एका वाडीत एकच आडनाव असणे नेहमीचे आहे, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे पूर्ण नावेही सारखी निघतात. नाव सारखे म्हणून दोन नोंदी एका देणगीदाराच्या धरू नका. वाडी, घर आणि वडिलांचे नाव जुळल्याशिवाय त्या वेगळ्याच ठेवा. ‘यांच्या स्मरणार्थ’ असे लिहिलेले नाव दिवंगताचे असते, देणगीदार ‘हस्ते’ या शब्दापुढे असतो. दोन्ही लिहावेत, पण देणगीदाराच्या स्तंभात हस्तेचे नाव जावे.

हेतूचा स्तंभ मात्र मनाने भरू नये. पावतीवर ‘गाभाऱ्याच्या फरशीसाठी’ असे लिहिले असेल तर नोंदवहीत ते तसेच उतरवावे, ‘जीर्णोद्धार’ असे सोपे करू नये. कायम निधीसाठी म्हणून दिलेली रक्कम तर वेगळीच राहिली पाहिजे: ती ठेवीत ठेवून तिचे व्याज वापरायचे असते, आणि एकदा ती सर्वसाधारण जमेत मिसळली की देणाऱ्याचा हेतू कागदावरून नाहीसा होतो. पावतीवर हेतू नसेल तर ‘सर्वसाधारण’ लिहावे.

वस्तूंसाठी वेगळी वही. घंटा, समया, चिरे, तांदूळ, ओटीच्या साड्या यांची नोंद नगाने, पायलीने किंवा वजनाने करावी. बिल असेल तर त्याचा क्रमांक आणि रक्कम शेऱ्यात द्यावी, पण अंदाजाने किंमत लावून ती रोख देणगीत मिळवू नये. साड्यांचा किंवा नारळांचा लिलाव झाला की त्यातून आलेली रक्कम रोख पावतीने जमा होते आणि वस्तूंच्या वहीत त्या नगांपुढे ‘लिलाव, पावती क्रमांक अमुक’ असे लिहायचे. हे न केल्यास तीच साडी एकदा वस्तू म्हणून आणि एकदा पैसे म्हणून मोजली जाते.

ज्या मागच्या वर्षांचे हिशेब लेखापरीक्षण होऊन धर्मादाय कार्यालयात दाखल झालेले आहेत, त्यांच्यात चूक दिसली तरी त्या वर्षाच्या वहीत हात घालू नये. चूक, तिचा पुरावा आणि रक्कम असे टिपण करून ते लेखापरीक्षकाकडे द्यावे आणि दुरुस्ती कशी करायची हे त्यांना ठरवू द्यावे.

ताळा जुळला तरी न दिसणारे पैसे

आता ते नवव्या क्रमांकाचे पुस्तक. ४,२५,००० दोन्ही बाजूंनी जुळल्यावर विश्वस्त निश्चिंत झाले आणि ते पुस्तक कोरेच गहाळ झाले असेल, असे म्हणू लागले. बाईंनी त्यांना थांबवले. बँकेशी घातलेला ताळा एवढेच सांगतो की ज्यांची नोंद झाली ते पैसे पोचले. पावती फाडून घेतलेले पण खजिनदारापर्यंत आलेच नाहीत असे पैसे पावत्यांच्या बेरजेतही नसतात आणि पासबुकातही नसतात, त्यामुळे ते असताना आणि नसताना ताळा सारखाच जुळतो. त्यांचा माग लागतो तो फक्त देणगीदाराच्या हातातल्या पावतीवरून.

म्हणून विश्वस्तांनी सभेत ठराव करून पावती क्रमांक ८०१ ते ९०० रद्द केल्याचे इतिवृत्तात नोंदवले, सभामंडपात आणि मुंबई मंडळाकडे सूचना लावली, आणि या क्रमांकांची पावती कुणाकडे असल्यास तिची छायाप्रत द्यावी असे कळवले. रद्द करण्याचा अर्थ यापुढे त्या पुस्तकातून कुणी पैसे घेऊ नयेत एवढाच आहे. आधी दिलेली पावती त्यामुळे खोटी ठरत नाही, हेही सूचनेत स्पष्ट लिहिले.

काही दिवसांनी दोन पावत्या आल्या, एक ५०१ रुपयांची आणि एक १,००१ रुपयांची, दोन्ही एकाच हस्ताक्षरातल्या. बाईंनी त्या ४,२५,००० मध्ये धरल्या नाहीत, कारण देवस्थानकडे ते पैसे आलेले नव्हते. नोंदवहीच्या शेवटी ‘पावती आहे, जमा नाही’ असे वेगळे पान काढून त्यावर दोन्ही क्रमांक, तारखा, देणगीदारांची नावे आणि १,५०२ ही बेरीज लिहिली, छायाप्रती डकवल्या, आणि ते पान अध्यक्षांची सही घेऊन विश्वस्त मंडळाकडे वसुलीसाठी सोपवले. पुस्तक कुणाच्या ताब्यात होते हे खजिनदाराच्या वाटपाच्या टिपणात होते. त्या माणसाला लेखी पत्र गेले, आणि फलकावरचा आकडा पुसून तिथे ४,२५,००० रुपये रोख व बँकेत, वस्तू स्वतंत्र, असे लिहिले गेले.